58 नंतर मुदतवाढ मिळाली, ईपीएसची पेन्शन आता घ्यावी की 60 ला?

बुटीबोरीकर: वडील ऑक्टोबर 2014 मध्ये कारखान्यात लागले, ईपीएस तेव्हापासूनच. 58 ला 12 वर्षं भरतील. मूळ पगार आता 15,000 च्या वर आहे, पण वर्गणी 15,000 वरच कापतात. कंपनी दोन वर्षं वाढवून देतेय. पेन्शन थांबवावी का?

धरमपेठ_काका: विचारायचं काय त्यात? नोकरी वाढली की सेवा 14 वर्षं झाली, पेन्शन आपोआप वाढते.

पेरोलवाली_हिंगणा: आपोआप नाही, काका. 58 पूर्ण होताच ईपीएसची वर्गणी थांबते आणि मालकाचे ते 1,250 रुपये पीएफमध्ये वळतात. पेन्शन 60 पर्यंत पुढे ढकलायची तर तसा पर्याय लिहून द्यावा लागतो, वर्गणी चालू ठेवून किंवा बंद करून. दर वर्षाला 4 टक्के वाढ मिळते.

हिशोब असा: 15,000 गुणिले 12 भागिले 70, म्हणजे 58 ला महिना 2,571. वर्गणी चालू ठेवून थांबले तर 14 वर्षांचे 3,000 आणि वर सुमारे 8 टक्के, म्हणजे 3,240 च्या आसपास. फरक 669. त्यासाठी दोन वर्षांची पेन्शन 61,704 आणि पीएफमध्ये न गेलेले 30,000 सोडायचे. भरपाई व्हायला साठीनंतर साडेअकरा वर्षं लागतात, व्याज धरलं तर त्याहून जास्त. वर्गणी न भरता नुसतं थांबलं तर वाढ जेमतेम 206, ते पैसे 25 वर्षांत वसूल होतात! मी तर 58 लाच पेन्शनचा 10-डी अर्ज भरायला सांगेन. त्यासाठी नोकरी सोडावी लागत नाही.

निवृत्त_गुरुजी: आमच्यात तर शेवटच्या पगाराच्या निम्मी मिळते. मुदतवाढीत वेतनवाढ लागली की फायदाच.

पेरोलवाली_हिंगणा: गुरुजी, ते सरकारी. इथे पगाराला 15,000 ची मर्यादा आहे, वाढ लागून उपयोग नाही.

सीताबर्डी_73: ताईंचा हिशोब बरोबर, निष्कर्ष पटत नाही. नवऱ्यामागे बायकोला निम्मी पेन्शन मिळते. आई दहा वर्षांनी लहान असेल तर 3,240 ची निम्मी कितीतरी वर्षं चालेल. आणि पगार चालू असताना 2,571 ची निकड कोणाला?

पेरोलवाली_हिंगणा: निम्म्यातला फरक 335 होतो, भाऊ. तेच 61,704 बँकेत ठेवले तर व्याज जवळपास तेवढंच येईल, मुद्दल आईकडेच राहील.

सीताबर्डी_73: ठेवले तर ना! घरात आलेला पैसा राहतो का?

कामठी_रोड: माझी 58 ला 9 वर्षं 7 महिनेच होतात. म्हणजे पेन्शन गेलीच ना?

पेरोलवाली_हिंगणा: नाही गेली. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, तुमची 10 झाली. बुटीबोरीकर, एक तपासा: पर्याय न देता 58 नंतरच्या महिन्यांत पासबुकातल्या पेन्शनच्या रकान्यात 1,250 दिसले तर पेरोलमध्ये जन्मतारखेची नोंद चुकली आहे किंवा कापणी थांबवायची राहिली आहे. ती रक्कम मालकाने पीएफमध्ये वळवून घेईपर्यंत 10-डी अडकून पडतो.

बुटीबोरीकर: आई सहाच वर्षांनी लहान आहे. बाबा म्हणतात थांबू, मी म्हणतो घ्या.