मुलाखतीत उमेदवाराने स्वतःच पकडलेली चूक: गुण द्यावेत की कापावेत?

अरुंधती

मुलाखत घेणाऱ्या दोघांपैकी मी एक होते. पूर्णांकांचा ॲरे आणि k ही संख्या दिली असता, ज्यांची बेरीज k येते अशा जोड्या किती, हा प्रश्न होता. सोबत एकच नमुना होता: [1, 5, 3, 3], k = 6, उत्तर 2. उमेदवार मुलीने हे लिहिले:

```python
def count_pairs(a, k):
    pos = {}
    for i, x in enumerate(a):
        pos[x] = i
    count = 0
    for i, x in enumerate(a):
        j = pos.get(k - x)
        if j is not None and j > i:
            count += 1
    return count
```

नमुन्यावर उत्तर 2 आले. मी तिला कोड ओळीओळीने समजावून सांगायला सांगितले. ती म्हणाली, "पहिल्या लूपमध्ये मी प्रत्येक संख्येसाठी तिची जागा लिहून ठेवते," आणि थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, "तिची जागा, की तिच्या जागा?" तिने बाजूला [1, 5, 5] असे लिहिले, "इथे जोड्या दोन आहेत, पण माझा कोड एकच सांगेल" असे म्हणून कोड चालवला, आणि उत्तर खरोखरच 1 आले. उरलेल्या वेळात तिने कोड दुरुस्त केला. माझ्या सहकाऱ्याचे म्हणणे असे की, एकच संख्या पुन्हा येऊ शकते हे नमुन्यातच दिसत असताना चूक झाली, त्यामुळे गुण कापले पाहिजेत. मला ते पटत नाही. तुम्ही काय केले असते?

सदानंद

मी पूर्ण गुण दिले असते, आणि त्याचे कारण ती थांबली हे नसून तिने थांबल्यावर [1, 5, 5] हेच उदाहरण निवडले हे आहे. `pos[x] = i` ही ओळ तीच संख्या पुन्हा आली की आधीची जागा पुसून नवी लिहिते, त्यामुळे डिक्शनरीत प्रत्येक संख्येची फक्त शेवटची जागा शिल्लक राहते. पण एवढे समजल्याने चूक लगेच दाखवता येत नाही. ज्यांना "डुप्लिकेटचे काहीतरी चुकते आहे" इतकेच जाणवते, त्यांतले बहुतेक जण हाताला येईल ते उदाहरण घेतात, आणि इथे ते [1, 1, 5] असते तर कोडने अगदी बरोबर 2 असे उत्तर दिले असते. पहिल्या 1 ला पुढे 5 सापडतो, दुसऱ्या 1 लाही तोच 5 सापडतो, आणि दोन्ही जोड्या मोजल्या जातात. उमेदवाराने "चालते आहे की!" असे म्हणून सुटकेचा निःश्वास टाकला असता.

[1, 5, 5] मध्ये मात्र 1 ने विचारल्यावर डिक्शनरी केवळ शेवटच्या 5 ची जागा सांगते आणि मधला 5 कोणाच्याच हिशेबात येत नाही. त्या मधल्या 5 ने स्वतः विचारले तर 1 मागे सापडतो, आणि `j > i` ही अट त्याला बाद करते. म्हणजे पुन्हा येणारी संख्या जोडीदाराच्या आधी असेल तर कोड तरतो, नंतर असेल तर बुडतो. हे तिने कोड चालवण्याआधी ओळखले होते, कारण उत्तर काय येईल ते तिने आधीच सांगितले. नमुन्यातले दोन 3 पाहून तिने सावध व्हायला हवे होते, असे आपल्या सहकाऱ्यांना वाटते. पण त्या नमुन्यानेच तिची दिशाभूल केली. पहिल्या 3 ला शेवटचा 3 सापडतो, जोडी एकच असते आणि ती मोजली जाते. तीच संख्या दोनदाच आली तर स्वतःशी होणारी जोडी हा कोड बरोबर मोजतो, तिसऱ्यांदा आली की फसतो.

वृषाली

मला तर वाटते की सुरुवातीलाच डुप्लिकेट काढून टाकायला हवे होते, म्हणजे हा प्रश्नच आला नसता. मी अहवालांचे काम करते आणि माझा अनुभव असाच आहे. एकदा ऑर्डरचे टेबल ग्राहकांच्या पत्त्यांच्या टेबलाशी जोडले होते. काही ग्राहकांचे दोन पत्ते होते, त्यामुळे त्यांची प्रत्येक ऑर्डर दोनदा येऊन एकूण विक्री फुगली. क्वेरी कितीही वेळा वाचली तरी ती मला निर्दोषच वाटत होती. सहकाऱ्याला सांगताना "प्रत्येक ग्राहकाचा पत्ता" असे म्हटले, तेव्हा त्यानेच विचारले, "पत्ता एकच असतो का?" आम्ही प्रत्येक ग्राहकाचा एकच पत्ता ठेवला आणि आकडा जुळला.

सदानंद

वृषालीताई, तुमच्या क्वेरीत पुनरावृत्तीने आकडा वाढला, इथे तो घटला, म्हणून तुमचा उपाय इथे उलटा पडेल. तुमच्याकडे दुसरा पत्ता विक्रीच्या हिशेबात अनावश्यक होता. इथे दुसरा 3 ही खरी, वेगळी वस्तू आहे. डुप्लिकेट काढले तर [1, 5, 3] उरेल आणि नमुन्यातली 3 व 3 ही जोडीच नाहीशी होईल. चूक पकडली गेली ती रीत मात्र तंतोतंत तीच आहे. मराठीत "जागा" हा शब्द एकवचनात आणि अनेकवचनात सारखाच दिसतो, त्यामुळे मनातल्या मनात "जागा ठेवते" असे म्हटले तर काहीच खटकत नाही. तोंडाने सांगताना "तिची" किंवा "तिच्या" यांपैकी एक निवडावेच लागते. `pos` या नावात ती निवड करावी लागत नाही.

मिहीर

माझ्या मते ही चूक नाहीच, प्रश्नच संदिग्ध आहे. "जोड्या किती" म्हणजे वेगवेगळ्या जागांच्या जोड्या, की वेगवेगळ्या किमतींच्या? किमतींच्या जोड्या मोजल्या तर [1, 5, 5] चे उत्तर 1 हेच बरोबर आहे, कारण 1 आणि 5 ही जोडी एकच. नमुन्यात दोन्ही अर्थांनी 2 येते. तेव्हा तिने कोड बदलण्याआधी तुम्हाला अर्थ विचारायला हवा होता, आणि गुण कापायचेच असतील तर प्रश्न तयार करणाऱ्याचे कापा.

प्रसन्न

मिहीर, प्रश्न संदिग्ध आहे हे मान्य, पण त्याने कोड सुटत नाही. [1, 5, 3, 3, 3] घेऊन पाहा. जागांप्रमाणे 1 व 5 ची एक आणि तीन 3 मधल्या तीन, अशा 4 जोड्या होतात. किमतींप्रमाणे 2 होतात. हा कोड 3 सांगतो, म्हणजे तुम्ही कोणताही अर्थ घेतला तरी उत्तर चूकच.

आता मूळ प्रश्नाबद्दल. मी सदानंदरावांच्या विरुद्ध मताचा आहे. या मुलीला बोलता बोलता सुचले, छान झाले. पण त्यावरून गुण देऊ लागलो तर आपण बोलणाऱ्याला गुण देतो, शोधणाऱ्याला नाही. 2020 मध्ये नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या संशोधकांनी 48 विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला होता. काहींनी परीक्षकासमोर फळ्यावर, विचार बोलून दाखवत प्रश्न सोडवला, आणि काहींनी तो खोलीत एकट्याने, बोलून दाखवण्याची सक्ती नसताना सोडवला. समोर कोणी पाहत असताना कामगिरी निम्म्याहून खाली आली. ज्या बोलण्याने हिची चूक उघडी पडली, त्याच बोलण्याने दुसऱ्या कोणाला पहिली ओळसुद्धा सुचली नसती, आणि तो उमेदवार आपल्या गोष्टीत कधी येत नाही.

शिवाय ही चूक पकडायला बोलावेच लागते असे नाही. दोन लूप एकात एक घालून सर्व जोड्या तपासणारा संथ पण निःसंशय कोड लिहावा, 1 ते 5 मधल्या संख्यांचे पाच-सहा घटकांचे यादृच्छिक ॲरे दोन्हींना द्यावेत, आणि उत्तरे कुठे वेगळी येतात ते पाहावे. इतक्या छोट्या कक्षेत संख्या पुन्हा पुन्हा येणारच, त्यामुळे फरक पहिल्या काही प्रयत्नांतच दिसतो. ही सवय नोकरीत रोज कामाला येते. मी तिला विचारले असते, "तुम्ही एकट्या असता तर हे कसे सापडले असते?" आणि त्या उत्तरावर गुण दिले असते.

सदानंद

तुमचा दुसरा मुद्दा मला पटतो, आणि तो प्रश्न मीही विचारला असता. पण यादृच्छिक तपासणी "उत्तरे वेगळी आली" एवढेच सांगते. का वेगळी आली हे पुन्हा कोणीतरी स्वतःला समजावूनच शोधावे लागते. तिने कारण आधी शोधले आणि उदाहरण नंतर बनवले. प्रयोगाबद्दल म्हणाल तर तिथे लिहिताना बोलायचे होते. इथे तिने शांतपणे लिहिले आणि नंतर समजावले. मी स्वतः उमेदवाराला लिहिताना बोलायला सांगत नाही, लिहून झाल्यावरच सांगतो. या दोन्हींचा ताण सारखा नसतो.

प्रसन्न

सारखा नसेल, पण शून्यही नसतो. परीक्षक समोर बसलेला असतोच. यावर आपले एकमत होईल असे मला वाटत नाही.

अरुंधती

मिहीर यांच्या शंकेबद्दल: तिने अर्थ विचारला होता, लिहायला राहून गेले. [1, 5, 5] लिहिल्यावर तिने विचारले, "दोन्ही 5 वेगळे धरायचे ना?" आणि मी हो म्हटले. मग "जागा ठेवण्याऐवजी, आधी किती वेळा दिसली ते ठेवते" असे म्हणून तिने हे लिहिले:

```python
def count_pairs(a, k):
    seen = {}
    count = 0
    for x in a:
        count += seen.get(k - x, 0)
        seen[x] = seen.get(x, 0) + 1
    return count
```

मिहीर

विचारले असेल तर माझा आक्षेप मागे घेतो. मी हा दुसरा कोड [1, 5, 3, 3, 3] वर चालवला, 4 आले. मग लूपमधल्या त्या दोन ओळींची अदलाबदल करून पाहिली, तर 7 आले. तीन जास्त कुठून आले ते दहा मिनिटे कळेना. शेवटी मोठ्याने म्हणून पाहिले: "ही संख्या दिसली असे नोंदवतो, आणि मग हिचा जोडीदार आधी दिसला का ते पाहतो." प्रत्येक 3 आपली नोंद आधी करून स्वतःलाच जोडीदार समजत होता, आणि 3 तीन होते.

प्रसन्न

दोन ओळींचा क्रम असाच का, हे तिने सांगितले होते का?

अरुंधती

नाही, आणि आम्हीही विचारले नाही. वेळ संपली होती. सहकाऱ्याने पाचपैकी तीन गुण दिले, मी पाच दिले, आणि दोन्ही कागद तसेच पुढे गेले.