अनुभव धागा: मिठाच्या पाण्यातलं गाजर-मुळा. आंबलं की बिघडलं, कसं ओळखता?

शुभा_कोथरूड: आज भाजीत लाल गाजरं दिसली आणि दिल्लीची गच्ची आठवली. लहानपणी शेजारच्या काकू थंडीत काळ्या गाजरांची कांजी उन्हात ठेवायच्या. रोज सकाळी झाकण उघडून आधी वास घ्यायच्या, मग चमचाभर चाखायच्या. मी गेल्या आठवड्यात गाजर-मुळ्याचे तुकडे भरले, 1 लिटर पाण्याला 25 ग्रॅम मीठ वजन करून. चौथ्या दिवशी पाणी दुधाळ झालं, घाबरून सगळं ओतून दिलं. फार वाईट वाटतंय. तुमचं कसं होतं?

नंदू_मामा: अरेरे, चांगलं होतं गं ते!! पाणी गढूळ होणं म्हणजे आंबणं नीट चालू आहे. तळाशी पांढरा साका बसतो तोही चालतो.

वैशाली७: आमच्याकडे तेलात घालतात, वर बोटभर तेल हवं. मोहरी फेसून घ्या, टिकतं वर्षभर.

नंदू_मामा: वैशालीताई, ते लोणचं. इथे तेल नाही, नुसतं मिठाचं पाणी.

केदार_ठाणे: बुडबुडे थांबले की बिघडलं समजायचं. मी लगेच टाकून देतो.

मृणाल_नाशिक: नाही हो केदार. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भराभर येतात, मग आपोआप मंदावतात. मी तेव्हापासून रोज एक तुकडा चावून बघते. कच्च्या गाजराचा गोडवा आणि नुसता खारटपणा जाऊन आंबट चव पुढे आली, पण तुकडा अजून कुरकुरीत आहे, की बरणी फ्रिजमध्ये. पुण्याच्या उन्हाळ्यात 3-4 दिवसांत, थंडीत आठवडा सहज. दिवस मोजून उपयोग नाही. पाणी बोटांत तार धरायला लागलं किंवा तुकडे बुळबुळीत झाले तर मात्र टाकायचं.

शुभा_कोथरूड: मृणाल, वर पातळ पांढरी साय आली तर?

मृणाल_नाशिक: सपाट, सुरकुतलेली साय असेल तर काढून टाकते, चव बघते. लव असलेली किंवा हिरवी-काळी बुरशी दिसली तर अख्खी बरणी जाते. वरवर खरवडून भागत नाही. बहुतेक वेळा एखादा तुकडा पाण्यावर तरंगत असतो. मी वर कोबीचं पान दाबून त्यावर छोटी वाटी ठेवते.

पिंट्या_ची_आई: मुळ्याचा वास!!! सासूबाईंनी विचारलं गॅस गळतोय का. दोन दिवस खिडक्या उघड्या 😭 चव मात्र मस्त

नंदू_मामा: मुळ्याला तो वास येणारच, कुजका नसला म्हणजे झालं. आणि झाकण रोज सैल करा. माझ्या बहिणीकडे घट्ट लावलेली बरणी उघडताना पाणी पार छतापर्यंत उडालं होतं.

केदार_ठाणे: आयोडीनचं मीठ चालतं का? आमच्या आत्या म्हणतात आंबतच नाही.

मृणाल_नाशिक: माझं नेहमी आंबतं, साधंच मीठ असतं.

नंदू_मामा: मी खडेमीठच घेतो, त्याला रंग स्वच्छ राहतो असं माझं मत.

वैशाली७: शुभा, कांजीत राई किती घालायच्या काकू?

शुभा_कोथरूड: मुठीनेच टाकायच्या, आई आता 82 ची आहे, तिला फोन करते रात्री. गाजरं आणली आहेत, आजच भरते परत.