शब्दचर्चा: पुट-कॉल पॅरिटीतल्या ‘पॅरिटी’ला काय म्हणायचं?

मुग्धा_पार्ले
मंडळी, गुंतवणूकदारांसाठीच्या एका माहितीपुस्तिकेचं भाषांतर करतेय, त्यात पुट-कॉल पॅरिटी आलंय. कॉल म्हणजे ठरल्या भावाला शेअर घ्यायचा हक्क आणि पुट म्हणजे द्यायचा, एवढं कळलंय. संपादकांनी ‘पुट-कॉल समता’ करून टाकलं. मला समता म्हटलं की मोर्चा नि पथनाट्य आठवतं, शेअरबाजार काही डोळ्यासमोर येत नाही. ‘समानता’ केलं तर वाचणाऱ्याला वाटेल की पुट आणि कॉलचा भाव सारखाच असतो. तसा असतो की नाही हेही मला धड माहीत नाहीये, त्यामुळे शब्दाआधी अर्थच सांगा कुणीतरी.

निखिल_ठाणे
असतोच की. शेअर १००० ला आहे आणि स्ट्राइक, म्हणजे हक्काचा ठरलेला भाव, तोही १००० आहे तर कॉल आणि पुट सेम भावाला पाहिजेत, वर जायचा चान्स तेवढाच खाली यायचा. पॅरिटी म्हणजे इक्वल. मार्केट तेजीत असलं की कॉल महाग होतो, पॅरिटी तुटते, तिथे आर्बिट्राज, म्हणजे बिनजोखमीचा नफा, मिळतो. ‘समानता’ ठेव बिनधास्त.

फोर्टातला_जॉबर
निखिल, बरोबरी आहे हे खरं, पण कुणाची कुणाशी ते चुकलास. कॉल-पुटची बरोबरी नाही, दोन पिशव्यांची आहे. शेअर १०००, स्ट्राइक १०००, मुदत दोन महिने, आणि आज ९९० रुपये ट्रेझरी बिलात घातले तर दोन महिन्यांनी १००० हातात येतात असं धर, म्हणजे वर्षाला ६ टक्क्यांच्या आसपास.

पहिल्या पिशवीत एक कॉल आणि ते ९९० चं बिल. दुसरीत एक शेअर आणि एक पुट. आता मुदतीच्या दिवशी शेअर ११५० ला गेला असं समज. पहिल्या पिशवीतल्या बिलाचे १००० झालेत, ते देऊन कॉलवर शेअर घेतला, हातात ११५० चा माल. दुसरीत शेअर आहेच, पुट कचऱ्यात, तरी ११५० चाच माल. आता शेअर ८७० ला पडला असं समज. पहिलीत कॉल कचऱ्यात, रोख १०००. दुसरीत शेअर पुटवर देऊन टाकला, रोख १०००. मधला कुठलाही भाव घालून बघ, दोन्ही पिशव्या शेवटी पै न पै सारख्याच निघतात, एक दुसरीची हुबेहूब नक्कल आहे. शेवटी सारख्या तर आजही सारख्याच किमतीच्या. C कॉलचा भाव, P पुटचा, S शेअरचा आणि PV(K) म्हणजे स्ट्राइकची आजची किंमत, इथे ९९०:

```
C + PV(K) = P + S
```

म्हणजे कॉल वजा पुट बरोबर १००० वजा ९९०, दहा रुपये. शेअर नि स्ट्राइक एकच असूनही कॉल दहाने महागच असायला हवा, कारण कॉलवाल्याचे पैसे दोन महिने व्याज खात बसलेत आणि शेअरवाल्याचे अडकलेत. आणि तेजीबिजीचा इथे संबंधच नाही. सगळी जनता कॉल घ्यायला धावली तरी पुटही सोबत वर जातो, फरक दहाचा तो दहाचाच.

निखिल_ठाणे
ओके काका, हे पटलं. पण मग फरक दहा नसेल तर नक्की करायचं काय? माझ्या डोक्यात होतं की महाग ते विकायचं, स्वस्त ते घ्यायचं, बस.

फोर्टातला_जॉबर
बसच, पण चारही पाय एकदम टाकता आले पाहिजेत. समज कॉल ३८ ला आणि पुट २० ला आहे. फरक १८, म्हणजे आठ जास्त. कॉलवाली पिशवी महाग, ती विकायची, शेअरवाली घ्यायची. कॉल विकून ३८ आले, पुटाला २० गेले, शेअरला १००० गेले, आणि बिल विकायचं म्हणजे दुसऱ्या शब्दांत ९९० उधार घ्यायचे. आज खिशात आठ रुपये उरले. दोन महिन्यांनी शेअर वर गेला तर कॉलवाला १००० देऊन शेअर घेऊन जातो, खाली गेला तर मी पुटवर १००० ला देतो, कसंही झालं तरी १००० येतात आणि उधारी १००० चीच आहे. शेअर कुठे जाणार याचं मत लागतच नाही. याला धंद्यात कन्व्हर्जन म्हणतात.

आता ग्यानबाची मेख. तुझे आज निव्वळ ९८२ गेले आणि दोन महिन्यांनी १००० आले, म्हणजे वर्षाला ११ टक्क्यांच्या घरात व्याज. पॅरिटी तुटली याचा अर्थ एवढाच की कुणीतरी तुझ्याकडून ११ टक्क्यांनी कर्ज घेतंय. ज्याला ६ टक्क्यांनी पैसा मिळतो त्याचा फायदा. तुला ९.५ टक्क्यांनी मिळत असेल तर ९८२ वर साडेपंधरा व्याज, उरले अडीच. डिलिव्हरीत शेअर घेताना सौद्यावरचा कर एसटीटी ०.१ टक्का, म्हणजे रुपया, मुदतीला शेअर देताना अजून रुपया. आठ रुपयांचे आठ आणे झाले, त्यातून ब्रोकरेज, स्टॅम्प ड्यूटी, आणि विकलेल्या कॉलचं मार्जिन वेगळं अडकलेलं. स्क्रीनवर जे तुटलेलं दिसतं ते बहुतेक वेळा आपल्यासाठी तुटलेलं नसतं.

अमेरिकेत रसेल सेज नावाचा सावकार १८७० च्या दशकात हेच उलट्या हेतूने करायचा असं सांगतात. कायद्याने व्याजाला मर्यादा होती, म्हणून हा गिऱ्हाइकाकडून शेअर विकत घ्यायचा, पुट घ्यायचा, कॉल द्यायचा, आणि व्याज कॉल-पुटच्या भावात लपवायचा. कागदावर कर्ज कुठेच नाही.

काळबादेवी_कापूस
शब्दावरून आठवलं. आमचे आजोबा कापूसबाजारात होते, त्यांच्या तोंडी कॉल-पुट नव्हतं, ‘तेजी’ आणि ‘मंदी’ होतं. तेजी म्हणजे घ्यायचा हक्क, मंदी म्हणजे द्यायचा, आणि दोन्ही एकदम असलं की ‘तेजी-मंदी’. शेअरांमधले हे सौदे १९५६ च्या कायद्याने बंद केले, १९९५ मध्ये ती बंदी उठली, आणि नॅशनल स्टॉक एक्स्चेंजवर २००१ साली ऑप्शन परत आले तोपर्यंत शब्द मेले होते. ‘तेजी-मंदी तोल’ म्हणा की.

मुग्धा_पार्ले
मस्त आहे, पण आज तेजी-मंदी वाचून कुणीही बाजार वर-खाली झाला असंच समजेल ना. ‘तोल’ मात्र आवडला.

विरारकर_८:१२
मी जरा वेगळं सांगतो. ही पॅरिटी वगैरे पुस्तकातच. मी करून बसलोय. एका कंपनीचे ५०० शेअर माझ्याकडे पडून होते, भाव १००० च्या आसपास, दोन महिन्यांचा १००० चा कॉल ३० ला आणि पुट २८ ला. फरक दोनच! दहा पाहिजे, म्हणजे कॉल स्वस्त. तर मी शेअर विकले, कॉल घेतला, पुट विकला, पैसे लिक्विड फंडात टाकले. गाडीत उभ्याउभ्या हिशोब केला होता, शेअरमागे आठ, ५०० चे ४००० रुपये, रिस्क शून्य. शेवटी हातात काय तर नकारात्मक आकडा. एक्स्चेंजवाल्यांचा खेळ आहे सगळा.

फोर्टातला_जॉबर
विरारकर, हिशोब तसा चोख केलात. आपल्याकडे रोख बाजारात दुसऱ्या दिवसावर शॉर्ट ठेवता येत नाही, शेअर उसने घ्यायची सोय आहे पण सामान्य माणूस तिथे फिरकत नाही, त्यामुळे घरातले शेअर विकून ही बाजू करणं हाच धडाचा मार्ग. एकच विचारतो, त्या दोन महिन्यांत डिव्हिडंडची रेकॉर्ड डेट पडली होती का?

विरारकर_८:१२
पडली होती. ८ रुपये. पण शेअर विकलेले, मला थोडीच मिळणार होते.

अरे देवा.

फोर्टातला_जॉबर
तेच. मी वर दोन पिशव्या सारख्या म्हटलं ते डिव्हिडंड नसताना. शेअरवाल्या पिशवीला मध्येच ८ रुपये मिळतात, कॉलवाल्या पिशवीला नाही, म्हणून शेअरच्या भावातून आधी ते वजा करायचे, PV(D) म्हणजे त्यांची आजची किंमत:

```
C - P = S - PV(D) - PV(K)
```

१००० वजा ८ वजा ९९०, आले दोन. तुमचा कॉल स्वस्त नव्हताच, बाजाराने डिव्हिडंड धरून बरोबर भाव लावला होता. शेअरमागचे ९९८ व्याजासकट १००८ झाले, १००० ला शेअर परत आला, आठ सुटले, आणि तेच आठ डिव्हिडंडचे बुडाले. वरचा सगळा तोटा एसटीटी, ब्रोकरेज आणि जुने शेअर विकल्यावरच्या कराचा. मोठा डिव्हिडंड असला, म्हणजे भावाच्या २ टक्के किंवा जास्त, तर एक्स्चेंज स्ट्राइकच तेवढी खाली आणतं, पण ८ रुपयांना कुणी हात लावत नाही.

ओळखायची सोपी खूण म्हणजे फ्यूचरचा, म्हणजे मुदतीला ठरल्या भावाने घ्यायच्या-द्यायच्या पक्क्या कराराचा भाव. कॉल घेऊन पुट विकला की १००२ ला घेतल्यासारखं होतं. त्याच मुदतीचं फ्यूचर १०१० ला असतं तर ते विकून आठ तुमचे, शेअरला हात लावायचीही गरज नव्हती. पण तेही १००२ लाच असणार, कारण डिव्हिडंड त्यातही धरलेला असतो. फ्यूचरशी जुळत असेल तर गप्प घरी जायचं.

निखिल_ठाणे
मी आत्ता निफ्टीची चेन, म्हणजे सगळ्या स्ट्राइकच्या कॉल-पुटचा भावतक्ता, उघडून बघितली, लांबच्या एका स्ट्राइकला फ्यूचरशीही जुळत नाहीये, चांगला ४० पॉइंटचा फरक आहे!!

फोर्टातला_जॉबर
शेवटचा सौदा किती वाजताचा आहे ते बघ. कॉलचा भाव सकाळचा नि पुटचा आत्ताचा, असं असेल. घ्यायचं ते समोरच्याच्या विकायच्या भावाला घे आणि विकायचं ते घ्यायच्या भावाला वीक, मग ४० किती उरतात ते सांग.

निखिल_ठाणे
उणे ११. 🙏

काळबादेवी_कापूस
एक शंका. कॉलपुढे सीई नि पुटपुढे पीई लिहितात, त्यातला ई म्हणजे एक्स्चेंज ना?

फोर्टातला_जॉबर
युरोपियन. म्हणजे हक्क फक्त मुदतीच्याच दिवशी. आपल्याकडे शेअरांचे ऑप्शन आधी अमेरिकन होते, मध्येच कधीही हक्क वापरता यायचा, तेव्हा सीए-पीए लिहायचे, २०११ च्या सुरुवातीला ते बदललं. मुग्धा, हे पुस्तिकेत असू दे, कारण बरोबरीचं चिन्ह युरोपियनलाच लागतं. समोरचा मध्येच उठून पुटवर शेअर तुमच्या गळ्यात मारू शकत असेल तर दोन पिशव्या शेवटापर्यंत सारख्या राहतीलच असं नाही.

मुग्धा_पार्ले
लिहिते. आणि काका, तुमच्या पिशव्यांवरून मला ‘पासंग’ सुचलाय. तराजूची दोन पारडी जुळावी म्हणून हलक्या बाजूला जो दगड टाकतात तो, फारसीत संग म्हणजे दगडच. इथे पुटवाल्या बाजूला ते व्याजाचे दहा टाकले की काटा मध्यावर येतो. तर पॅरिटीला ‘तोल’ आणि त्या दहाला ‘पासंग’, चालेल?

फोर्टातला_जॉबर
पासंग झकास. विरारकरांनी डिव्हिडंडचा पासंग धरला नाही, असं म्हणता येईल. पण ‘तोल’ म्हटलं की मला ‘तोल गेला’च ऐकू येतं, ‘सममूल्यता’ कोरडा असला तरी चुकीचा नाही.

विरारकर_८:१२
माझं नाव पुस्तिकेत नका घालू.

मुग्धा_पार्ले
नाही घालत 😄 संपादकांना फोन केला होता. ते म्हणाले पासंग तळटीप दिल्याशिवाय आजच्या वाचकाला कळणार नाही, आणि समतेला त्यांचा अजून जीव अडकलाय. उद्या परत बोलणार आहे, कुणाला ‘सममूल्यता’पेक्षा बरा शब्द सुचला तर रात्रीपर्यंत टाका.