मॉडबस मीटर ते प्रोफिनेट गेटवे: आकडे १५ सेकंद उशिरा, एक मीटर बंद पडला की मिनिटभर. सल्ला हवा

बालाघाट_इन्स्ट्रुमेंट (धाराशिव)
नमस्कार मंडळी. आमच्या साखर कारखान्यात को-जनच्या स्विचगियरमध्ये १६ एनर्जी मीटर आहेत. सगळे मॉडबस आरटीयू, ९६००, पॅरिटी नाही, एकाच आरएस-४८५ लूपवर. पीएलसीला प्रोफिनेट आहे म्हणून मध्ये गेटवे बसवला. प्रत्येक मीटरचे १२ आकडे घेतो: व्होल्ट, करंट, किलोवॅट, पॉवर फॅक्टर वगैरे. सगळे फ्लोट.

अडचण अशी की टर्बाइनचा लोड बदलल्यावर स्क्रीनवर आकडा हलायला १४-१५ सेकंद लागतात. त्यात परवा मेंटेनन्सला एक फीडर बंद केला, त्या मीटरचा सप्लाय गेला, आणि बाकीच्या पंधराही मीटरचे आकडे मिनिटभराने बदलायला लागले. प्रोफिनेटचा अपडेट टाइम ८ मिलिसेकंद आहे, दिवा हिरवा आहे. मग वेळ जातो कुठे? गाळप चालू आहे, त्यामुळे फार वेळ बंद ठेवून काही करता येणार नाही. दुसरा गेटवे घ्यायचा तर कोणता घ्यावा, तेही सांगा.

स्पार्क_वाळूज
भाऊ, ९६०० फार कमी आहे. सगळे मीटर ३८४०० वर न्या, काम झालं. आमच्या कंपनीत हेच केलं होतं.

लातूर_डाळमिल
आमच्याकडे व्हीएफडी आहेत मॉडबसवर, त्यांचाही गेटवेच आहे. आमचा त्रास वेगळा होता. गेटवे स्पीडचा सेटपॉइंट दर फेरीला लिहीत होता, बदललेला असो वा नसो. ड्राइव्हमध्ये तो आकडा कायमच्या मेमरीत जात होता आणि दीड वर्षात दोन ड्राइव्ह मेमरी एरर देऊन बसले. लिहायची कमांड 'बदलला तरच' अशी ठेवा. तुमच्याकडे लिहिणं असेल तर बघा.

बालाघाट_इन्स्ट्रुमेंट
दादा, आमचं फक्त वाचणं आहे, पण हे लक्षात ठेवतो.

रेवा_कंट्रोल (संभाजीनगर)
गेटवे बदलण्याआधी हिशेब करू. पीएलसी आणि गेटवे ८ मिलिसेकंदाला बोलतात हे खरं, पण तिथे जातो तो गेटवेच्या मेमरीत पडलेला आकडा. तो मीटरकडून कधी आला याच्याशी प्रोफिनेटचा संबंध नाही. हिरवा दिवा फक्त त्या बाजूचा आहे.

मॉडबसवर एका वेळी एकाच मीटरशी बोलणं होतं. ९६०० वर एक बाइट साधारण १.०४ मिलिसेकंद घेतो. एक फ्लोट मागायचा तर ८ बाइट जातात, ९ परत येतात, म्हणजे १८ मिलिसेकंद. आधी-नंतरची शांतता साधारण ७-८. मीटर उत्तर द्यायला ५० च्या आसपास घेतो असं धरू. झाले ७५. तुम्ही मॅपिंगमध्ये प्रत्येक आकड्याला वेगळी कमांड दिली असणार. १६ मीटर गुणिले १२ म्हणजे १९२ कमांड, ७५ ने गुणा: १४.४ सेकंद. तुमचा आकडा आला.

आता बंद मीटर. टाइमआउट १००० आणि रिट्राय ३ असतील तर एका कमांडवर ४ सेकंद जातात. त्या मीटरच्या १२ कमांड, म्हणजे ४८ सेकंद, आणि बाकीच्यांचे साडेतेरा. झालं मिनिट. हे दोन आकडे तुमच्या गेटवेत तपासून सांगा.

स्पार्क दादांचं अर्धं बरोबर आहे. ३८४०० केलं तर बाइटांचा आणि शांततेचा वेळ कमी होऊन ७५ चे ५६ होतील, फेरी ११ सेकंदांवर येईल. मीटरचे ५० मात्र तसेच राहतात. आणि बंद मीटरचे ४८ सेकंद तर बॉड रेटने हलतच नाहीत.

बालाघाट_इन्स्ट्रुमेंट
ताई, टाइमआउट १०००, रिट्राय ३. तुम्ही म्हणालात तसंच आहे. आणि हो, १९२ कमांड आहेत, मी एकेक हाताने टाकल्या.

रेवा_कंट्रोल
मग कमांड एकत्र करा. मीटरच्या पुस्तकात हे १२ फ्लोट सलग असतील तर २४ रजिस्टर एका कमांडमध्ये येतात. उत्तर ५३ बाइटचं, एकूण साधारण १२० मिलिसेकंद. १६ मीटर म्हणजे २ सेकंदांच्या आत. युनिटचे आकडे वेगळ्या ठिकाणी असतील तर त्यांची दुसरी कमांड करून दर मिनिटाला एकदा वाचा, युनिट काही सेकंदाला धावत नाहीत. फ्लोटचे दोन रजिस्टर मात्र कधी दोन कमांडमध्ये तोडू नका, नाहीतर अर्धा जुना आणि अर्धा नवा असा आकडा बनतो.

टाइमआउट ३०० करा, रिट्राय १. मेलेला मीटर मग फेरीमागे ०.६ सेकंद खातो. गेटवेत 'न बोलणाऱ्या स्लेव्हला उशिरा विचारा' असा पर्याय असेल तर ३० सेकंद द्या.

स्पार्क_वाळूज
एकत्र वाचल्यावर व्होल्ट शून्य दिसायला लागतात, आमच्याकडे झालंय. तेव्हा एकेक वाचणंच बरं.

रेवा_कंट्रोल
दादा, तो एकत्र वाचण्याचा दोष नसावा. बहुधा शब्दांचा क्रम उलटा झाला असेल. २३० व्होल्टचा फ्लोट असा असतो:

```
43 66 00 00   बरोबर
00 00 43 66   दोन शब्द उलटे: जवळजवळ शून्य
66 43 00 00   शब्दाच्या आत बाइट उलटे: 2.3E+23
```

शून्य दिसलं तर शब्द उलटा, अफाट आकडा दिसला तर बाइट. गेटवेत किंवा पीएलसीत, एकाच ठिकाणी उलटवा. दोन्हीकडे केलं की पुन्हा मूळ गडबड. तपासायला व्होल्ट घ्या, करंट नको, कारण करंट खरोखरच शून्य असू शकतो.

बालाघाट, एक गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. त्या दिवशी बंद मीटरचा किलोवॅट स्क्रीनवर काय दिसत होता?

बालाघाट_इन्स्ट्रुमेंट
बंद होण्याआधीचाच, ४१२. ऑपरेटरला वाटलं फीडर चालू आहे.

रेवा_कंट्रोल
हाच धोका. गेटवे शेवटचा आकडा धरून ठेवतो. शून्य करायची सेटिंग असते, पण बेरीज घेत असाल तर शून्यही फसवतो. प्रत्येक मीटरचा स्टेटस बाइट मॅपिंगमध्ये घ्या आणि तो बिघडला की आकडा स्क्रीनवर राखाडी करा. कोणी नुसत्या रंगावर भरवसा ठेवू नये म्हणून अलार्मही द्या.

बालाघाट_इन्स्ट्रुमेंट
ताई, आज शिफ्ट बदलताना सगळ्या कमांड एकत्र केल्या. फेरी २.१ सेकंद झाली. एक मीटर मुद्दाम बंद केला तर पावणेतीनच्या आत. पण जुन्या बनावटीचे दोन मीटर २४ रजिस्टरच्या कमांडला एक्सेप्शन ०२ देतात. एकेक विचारलं तर बोलतात.

रेवा_कंट्रोल
त्यांच्या नकाशात मध्ये कुठेतरी रिकामा पत्ता असणार. काही मीटर रिकाम्या पत्त्याला शून्य देतात, काही सगळी कमांडच नाकारतात. त्या दोघांसाठी रिकामी जागा टाळून दोन तुकडे करा. तुकडा कुठे पाडायचा ते ८-८ रजिस्टर मागत शोधा.

मांजराकाठ
उशिरा वाचतोय. बालाघाट, या किलोवॅटवर लोड शेडिंगचं लॉजिक लावणार आहात का? २ सेकंदही टर्बाइनला जास्त आहेत. मी टर्बाइनच्या जनरेटरला वेगळा ट्रान्सड्यूसर लावून ४-२० मिलिअँपिअर थेट पीएलसीत घेतला आहे.

बालाघाट_इन्स्ट्रुमेंट
लावायचा विचार होता. हंगाम संपेपर्यंत ट्रान्सड्यूसर येणं अवघड आहे. तोवर जनरेटरचा एकच मीटर गेटवेच्या दुसऱ्या पोर्टवर घेतला तर?

रेवा_कंट्रोल
फेरी १२० मिलिसेकंदांवर येईल. पण मीटर स्वतः आतला किलोवॅट किती वेळाने मोजतो ते पाहा. बरेच मीटर सेकंदाला एकदाच बदलतात, मग वाचणं कितीही जलद केलं तरी आकडा तेवढाच जुना. त्या मीटरच्या पुस्तकात अपडेटचा वेळ काय लिहिलाय ते इथे टाका.

मांजराकाठ
मी तरी ट्रिप मीटरवरून देणार नाही. रिलेचा कॉन्टॅक्ट वायरने आणा, तो आजही होईल.