'प्रकट पसंती'मध्ये प्रकट काय होतं?

वैदेही: अर्थशास्त्रावरचा एक मजकूर मराठीत आणते आहे. 'प्रकट पसंती' हा शब्द पाठ्यपुस्तकांत रुळलाय, पण 'प्रकट'पाशी मी अडते. ग्राहक आपली आवड बोलून दाखवतो, असं म्हणायचंय का? आणि 'दुर्बल गृहीतक मोडलं' म्हणतात, तेव्हा नेमकं काय मोडतं?

मनमोकळा: बोलून नाही, विकत घेऊन दाखवतो. घेतलं म्हणजे आवडलं. काल वस्तूंचा एक संच घेतला आणि आज दुसराच, की पसंती फिरली आणि गृहीतक मोडलं.

आकडेमोड: पहिलं वाक्य बरोबर, शेवटचं नाही. 'प्रकट' हे एकट्या संचाला लागत नाही, ते घेतलेला संच आणि सोडलेला संच अशा जोडीला लागतं. शिवाय सोडलेला संच त्याच खर्चात परवडत असला पाहिजे. परवडतच नव्हता, तर तो न घेण्यातून आवडीबद्दल काहीच कळत नाही.

दोन वस्तू घ्या. पहिल्या वेळी किमती ४ आणि २. ग्राहकाने ६ आणि ३ नग घेतले, खर्च ३०. दुसऱ्या वेळी किमती २ आणि ४. त्याने ४ आणि ६ नग घेतले, खर्च ३२. आता दुसरा संच पहिल्या वेळच्या किमतींना मोजा: १६ अधिक १२, म्हणजे २८. त्याच्या हातून ३० गेले, म्हणजे २८ चा संच आवाक्यात असूनही त्याने सोडला. इथे पहिल्या संचाची पसंती प्रकट झाली. मग उलटीकडून बघा. पहिला संच दुसऱ्या वेळच्या किमतींना १२ अधिक १२, म्हणजे २४. खर्च केले ३२. इथेही न घेतलेला संच आवाक्यात होता, पण या वेळी सोडला तो पहिला. दोन्ही संच एकमेकांवर सरस ठरले. मोडतं ते हे.

दुसऱ्या वेळी त्याने ८ आणि ३ नग घेतले असते तर? खर्च २८. पहिल्या वेळच्या किमतींना तो संच ३८ चा, म्हणजे ३० मध्ये परवडला नसता. संच बदलला, पण गृहीतक शाबूत. मनमोकळा, तुमच्या व्याख्येने हाही भंग ठरला असता.

मनमोकळा: पटलं. म्हणजे एका बाजूने तपासून थांबायचं नाही.

कावेरी: माझाच प्रश्न विचारते. आमच्या घरात एक वस्तू स्वस्त झाली आणि त्याच महिन्यात आम्ही ती कमी घेतली. म्हणजे आमचं वागणं विसंगत?

आकडेमोड: एवढ्यावरून सांगता येत नाही. बाकीच्या वस्तूंच्या किमती आणि दोन्ही महिन्यांचा पूर्ण संच लागेल. आणि भंग निघाला तरी दोष विचारांचाच असेल असं नाही. खर्च ठरवणारी माणसं दोन असतील, तर प्रत्येकाची आवड सुसंगत असूनही एकत्र हिशेबात भंग दिसू शकतो. मध्ये आवडच बदलली असेल, तरीही तसंच दिसतं.

याच्या उलट फसगत मला जास्त खुपते. दरवर्षी खर्च वाढत गेला आणि किमती थोड्याच हलल्या, तर नंतरचा संच आधीच्या वर्षी परवडतच नाही. मग भंग सापडणं शक्यच नसतं, आणि लोक खुशाल लिहितात की ग्राहक सुसंगत वागतो. सोडलेले संच किती वेळा खरोखर आवाक्यात होते, हे आधी मोजावं.

जुनाजाणता: इतिहासाची भर घालतो. कल्पना अर्थतज्ज्ञ पॉल सॅम्युएलसन यांची, १९३८ ची. पण तेव्हा त्यांनी हे नाव दिलं नव्हतं, ते १९४८ च्या लेखात आलं. 'दुर्बल' म्हणजे लेचंपेचं नव्हे. ते फक्त दोन-दोन संचांची गाठ घालतं, म्हणून दुर्बल. क पेक्षा ख, ख पेक्षा ग आणि ग पेक्षा पुन्हा क, असं चक्र त्यातून निसटतं. १९५० मध्ये हाउथॅकरनी ते चक्र पकडणारं सबल रूप दिलं. वस्तू दोनच असतील तर दुर्बल पुरतं, तीन झाल्या की पुरत नाही. शब्दाचं म्हणाल तर मला 'उघड पसंती' जास्त मराठी वाटतं.

वैदेही: 'उघड'मध्ये ग्राहक मुद्दाम दाखवतोय असा वास येतो, म्हणून तूर्त 'प्रकट'च ठेवते. पण माझ्या मजकुरात एक अडचण आहे: दोन्ही वेळी किमती त्याच, खर्चही तोच, संच मात्र वेगळे. इथे भंग म्हणायचा?

आकडेमोड: दुर्बल गृहीतकाच्या नेहमीच्या मांडणीत, हो. एका परिस्थितीत ग्राहक एकच संच निवडतो, असं ते धरून चालतं.

जुनाजाणता: मी भंग म्हणणार नाही. दोन्ही संच त्याला सारखेच आवडत असतील तर? व्हेरियन यांची १९८२ ची सैल कसोटी याला मोकळीक देते. लेखकाने कोणती कसोटी धरली आहे ते बघा.

वैदेही: मूळ मजकुरात तेच सांगितलेलं नाही.