अनुभव धागा: कल्पना चांगली, पद्धत कच्ची, शिफारस मेजर रिव्हिजन

जुनी वही

काल एका तरुण सहकाऱ्याला त्याच्या शोधनिबंधावर मेजर रिव्हिजनचा, म्हणजे मोठे बदल करून पुन्हा पाठवा असा, अहवाल आला आणि तो दिवसभर कोणाशी बोलला नाही. त्यावरून काही वर्षांपूर्वी मी परीक्षक म्हणून लिहिलेला एक अहवाल आठवला. हस्तलिखित गोपनीय असते, म्हणून विषय आणि आकडे बदलून सांगत आहे. दोष मात्र तोच आहे.

धडा शिकवण्याआधी विद्यार्थ्यांना उत्तराचा अंदाज लिहायला लावला, तर तो अंदाज चुकला तरी नंतरचे शिकवणे अधिक पक्के बसते, असे लेखकांचे म्हणणे होते. ही कल्पना मला मनापासून आवडली होती. त्यांनी चार तुकड्या घेतल्या होत्या, प्रत्येकीत ३० विद्यार्थी. दोन तुकड्यांना अंदाजाच्या पद्धतीने शिकवले आणि दोन तुकड्यांना नेहमीच्या. महिन्याभराने चाचणी घेतली, तेव्हा सरासरी गुण ६४ आणि ५६ आले. मग १२० विद्यार्थ्यांवर टी-टेस्ट लावून पी-मूल्य ०.००२ दाखवले होते.

अडचण अशी की पद्धत विद्यार्थ्याला नव्हे, तुकडीला नेमून दिली होती. एका तुकडीतल्या मुलांचा शिक्षक एक, तासाची वेळ एक, वर्गातले वातावरणही एकच, त्यामुळे त्यांचे गुण एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. पुरवणी तक्त्यात तुकड्यांच्या सरासऱ्या दिलेल्या होत्या: अंदाजाच्या ६८ आणि ६०, नेहमीच्या ५८ आणि ५४. हे चारच आकडे घेऊन मी गणित पुन्हा केले. फरक ८ गुणांचाच राहिला, पण त्याचा ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल उणे ११ पासून अधिक २७ पर्यंत पसरला. म्हणजे ही पद्धत फार उपयोगी आहे, निरुपयोगी आहे किंवा चक्क अपायकारक आहे, यांपैकी काहीही त्या माहितीशी विसंगत नव्हते.

अहवालाच्या पहिल्या परिच्छेदात मी त्यांची कल्पना माझ्या शब्दांत मांडली, म्हणजे ती मला समजली आहे हे त्यांना कळावे. नंतर हा एकच मुख्य आक्षेप गणितासह लिहिला आणि दोन वाटा सुचवल्या: तुकड्या वाढवा, किंवा निष्कर्षाचा दावा खाली आणून हा प्राथमिक अभ्यास म्हणून मांडा. संदर्भ, आलेख वगैरे किरकोळ गोष्टी वेगळ्या यादीत ठेवल्या. तुमचे अनुभव लिहा, लेखक म्हणून असोत की परीक्षक म्हणून.

कोरा कागद

मलाही एकदा मेजर रिव्हिजन आले होते. मी भाषा तपासून घेतली, प्रस्तावना नव्याने लिहिली आणि निबंध स्वीकारला गेला. आपल्या सहकाऱ्यालाही तसेच सुचवावे.

जुनी वही

कोरा कागद, तुमच्या अहवालातले आक्षेप मांडणीचे असतील. त्याच्या अहवालातला आक्षेप पद्धतीवर आहे आणि प्रस्तावना बदलून तो जाणार नाही.

पेशीवाली

हे वाचताना माझाच अहवाल समोर आला. तीन प्राणी औषधाचे, तीन बिनऔषधाचे, प्रत्येकातून ३० पेशी मोजल्या आणि दोन्ही बाजूंना ९०, ९० लिहिले. परीक्षकांनी विचारले, ‘आपण औषध पेशीला दिले की प्राण्याला?’ त्या एका वाक्याचा राग उतरायला मला आठवडा लागला. नंतर प्रत्येक पेशीपुढे प्राण्याचा क्रमांक लिहायला बसले, तेव्हा दिसले की जवळजवळ सगळा फरक एकाच प्राण्यातून येत होता. तो आलेख मी आधी काढलाच नव्हता.

घाईत आहे

उपाय सोपा आहे. प्रत्येक तुकडीत ३० ऐवजी १०० विद्यार्थी घ्या, नमुना मोठा झाला की आक्षेप आपोआप मिटतो.

संख्यामित्र

घाईत आहे, नमुना मोठा हवा हे आपले म्हणणे बरोबर आहे, पण तो या दिशेने वाढवून उपयोग होत नाही. एका तुकडीतल्या मुलांच्या गुणांमधले साम्य एक-दशांश आहे असे धरू. मग नमुन्याचा खरा आकार काढण्यासाठी एकूण संख्येला या राशीने भागावे लागते:

```
1 + (m - 1) × ρ
```

येथे m म्हणजे एका तुकडीतले विद्यार्थी आणि ρ म्हणजे त्यांच्या गुणांमधले साम्य. m = 30 आणि ρ = 0.1 घेतल्यास भाजक ३.९ येतो, म्हणजे १२० विद्यार्थी प्रत्यक्षात ३१ जणांइतकीच माहिती देतात. प्रत्येक तुकडीत १०० घेतले तर भाजक १०.९ होतो आणि ४०० विद्यार्थी जेमतेम ३७ जणांइतके ठरतात. तुकड्या चारच ठेवून हजारो मुले घेतली तरी हा आकडा ४० च्या पुढे जाऊ शकत नाही. या चुकीला ‘आभासी पुनरावृत्ती’ म्हणता येईल; हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये परिस्थितिविज्ञानातल्या प्रयोगांबाबत ती सविस्तर दाखवून दिली होती.

पेशीवाली

मग मिक्स्ड मॉडेल लावून चालणार नाही का? मी तेच केले आणि परीक्षकांनी ते मान्य केले.

संख्यामित्र

पेशीवाली, आपल्याकडे सहा प्राणी होते, तरीही ते काठावरच आहे. चार तुकड्यांत तर तुकड्यातुकड्यांमधला फरक किती, हे मॉडेलला नीट अजमावताच येत नाही. साधा हिशोब करून पाहा: चारपैकी दोन तुकड्या निवडण्याचे सहाच मार्ग आहेत. त्यामुळे निकाल कितीही अनुकूल लागला, तरी चिठ्ठ्या टाकून केलेल्या वाटपावर आधारलेले दुहेरी पी-मूल्य सहात दोन, म्हणजे ०.३३, याच्या खाली येणे शक्य नाही.

मधला माणूस

मी काही वर्षे संपादनाचे काम पाहिले आहे. अशा हस्तलिखितावर एक परीक्षक ‘कल्पना नवी आहे, स्वीकारा’ म्हणतो आणि दुसरा ‘पद्धत चुकीची आहे, नाकारा’ म्हणतो. मग संपादक या दोहोंमधला शब्द म्हणून मेजर रिव्हिजन लिहितो. हे मला चुकीचे वाटत आले आहे. दोष विश्लेषणात असेल तर तो सुधारता येतो; माहिती गोळा करण्यातच असेल, तर लेखकांना सहा महिने राबवून शेवटी नकार देणे अन्यायाचे होते. माझ्या मते चार तुकड्यांच्या या हस्तलिखिताला नकारच द्यायला हवा होता, मात्र पुन्हा सादर करण्याच्या निमंत्रणासह.

कोरा कागद

जुनी वही, त्या लेखकांचे पुढे काय झाले? आणि आपला सहकारी आज बोलला का?

जुनी वही

आज बोलला. अहवाल पुन्हा वाचून त्याने प्रत्येक आक्षेपापुढे ‘विश्लेषण’ किंवा ‘नवी माहिती’ असे लिहिले आहे.

लेखक सात महिन्यांनी आठ नव्या तुकड्या घेऊन परतले. सगळ्या बारा तुकड्या एकत्र धरल्यावर फरक ५ गुणांचा आला आणि इंटरव्हल अर्ध्या गुणापासून साडेनऊपर्यंत. मी स्वीकाराची शिफारस केली.

संख्यामित्र

येथे मला एक शंका आहे. पहिला निकाल पाहूनच आठ तुकड्या वाढवल्या होत्या आणि पहिला निकाल अनुकूल नसता तर बहुधा वाढवल्याही नसत्या. अशा वेळी जुन्या आणि नव्या तुकड्या एकत्र धरल्या, तर जुन्या निकालाचे झुकते माप बेरजेत उतरते. फक्त नव्या आठ तुकड्यांचा निकाल काय होता?

जुनी वही

तो त्यांनी माझ्या विनंतीवरून वेगळा दिला होता. फरक साडेतीन गुणांचा आणि इंटरव्हल उणे अडीचपासून अधिक साडेनऊपर्यंत, म्हणजे शून्य त्यात होते. दोन्ही निकाल शेजारी शेजारी छापावेत आणि सारांशात ‘सिद्ध झाले’ हा शब्द नसावा, या अटींवर मी शिफारस केली होती. मधला माणूस यांचे वाचल्यावर ती योग्य होती का, याचा पुन्हा विचार करत आहे.

मधला माणूस

या अटी आपण लेखकांसाठीच्या भागात लिहिल्या होत्या, की फक्त संपादकांसाठीच्या गोपनीय भागात? मी पाहिलेल्या बऱ्याच अहवालांत खरी अट गोपनीय भागातच राहून जाई आणि ती लेखकांपर्यंत पोहोचतच नसे.

जुनी वही

लेखकांसाठीच्या भागात, पहिल्याच ओळीत.