जुना फोन एक्स्चेंजला दिलात तेव्हा दारात किती कापले? (अनुभव सांगा)

नीलाक्षी

बाबांसाठी सेलमध्ये फोन मागवला. किंमत २४,९९९. त्यांच्या जुन्या फोनचे ७,२०० दाखवले, वर त्या मॉडेलवर २,००० एक्स्चेंज बोनस. म्हणजे १५,७९९ भरायचे. ऑर्डर करताना विचारलं काय, तर फोन चालू होतो का, काच फुटलीय का, बस. दोन्हीची खरी उत्तरं दिली.

डिलिव्हरीवाला मुलगा आला, त्याने जुना फोन हातात घेतला, ब्राइटनेस पूर्ण वाढवून पांढरं पान उघडलं आणि दारातच उन्हाकडे पाठ करून बघत राहिला. "ताई, शेड आहे," म्हणाला. खाली कीबोर्ड असतो त्या जागी फिकट पिवळसर पट्टा आणि वरच्या कडेला घड्याळाची अस्पष्ट सावली. आम्हाला इतक्या दिवसांत ती कधी दिसली नव्हती. ७,२०० चे ३,९०० झाले. फरकाचे ३,३०० यूपीआयने द्या, नाहीतर ऑर्डर परत, असे दोनच पर्याय. बाबा म्हणाले देऊन टाक, दिले.

तुमचे अनुभव लिहा. आकडा नेमका कुठे आणि कशामुळे खाली आला तेवढं सांगितलंत तर फार बरं, कारण आईचाही फोन बदलायचा आहे.

डोंबिवलीचे काका

हे सगळं ठरवून चालतं. आयएमईआय टाकलात त्याच क्षणी त्यांना तुमच्या फोनची कुंडली कळते. तरी मोठा आकडा दाखवतात आणि घासाघीस दारात करतात. मधला फरक त्या पोराच्या खिशात जातो. आमच्या सोसायटीत सगळ्यांचं असंच झालंय. माझा सल्ला, पिकअपच्या आदल्या रात्री फोन फॉरमॅट मारून ठेवा, म्हणजे त्याला तपासायला काही राहतच नाही.

फोल्डरवाला, सांगली

काका, पहिलं अर्धं बरोबर. आयएमईआयवरून कंपनी आणि मॉडेल कळतं, फोन चोरीच्या यादीत आहे का तेही बघता येतं. पण काच, बॅटरी, कॅमेरा यातलं काहीच कळत नाही. बऱ्याचदा ६४ जीबी की १२८ तेसुद्धा कळत नाही, ते तुम्ही यादीतून निवडता. तिथे चुकून मोठी मेमरी निवडली गेली की दारात भाव उतरलाच समजा.

चेकआउटला दिसतो तो भाव "सगळं ठीक आहे" असं धरून काढलेला असतो. त्या आकड्याच्या आधी किंवा नंतर बारीक अक्षरात "पर्यंत" लिहिलेलं असतं, तोच शब्द सगळा खेळ करतो. खरा भाव दारात, त्या मुलाच्या अ‍ॅपमधल्या प्रश्नांवर ठरतो. डाग आहे का, हो की नाही. "थोडासा आहे" असं बटण त्यात नसतं. एक "हो" पडला की फोन अख्खी पायरी खाली येतो.

नीलाक्षीताईंचे ३,३०० कुठे गेले ते मी सांगतो, हा माझा रोजचा धंदा आहे. अमोलेड स्क्रीनवर एकच चित्र वर्षानुवर्षं एका जागी राहिलं की तिथले ठिपके जास्त झिजतात, त्याला आम्ही शेड म्हणतो. ती पुसून जात नाही. टच, काच, डिस्प्ले एकत्र चिकटवलेले असतात, म्हणून अख्खा फोल्डर बदलावा लागतो. या भावातल्या बऱ्याच फोनचा चांगला फोल्डर घाऊकमध्येसुद्धा तीन हजारांच्या आसपास जातो. तुमचा फोन शेवटी विकत घेणारा असतो जुने फोन नीट करून विकणारा व्यापारी. तो फोल्डरचे पैसे आधीच वजा करतो. डाग नखाएवढा असो की तळहाताएवढा, फोल्डर एकच लागतो.

फॉरमॅटचं मात्र उलटं आहे. गुगल अकाउंट न काढता सेटिंगबाहेरून रीसेट मारलात की फोन सुरू होताना जुनंच अकाउंट मागतो. बाबांना पासवर्ड आठवला नाही तर पिकअप तिथेच रद्द.

पूर्वी पाठीवर बॅग

मी काही काळ एका हबवर डिलिव्हरीचं काम केलंय. काका, खिशात काही जात नाही हो. आमच्या अ‍ॅपमध्ये प्रश्न यायचे, फोटो काढायला लागायचे आणि भाव वरून यायचा. आम्हाला तो आकडा बदलताच यायचा नाही. उलट आम्ही "ठीक" लिहिलं आणि गोदामात डाग निघाला तर आमच्या हबवर ते पैसे आमच्याकडून कापून घ्यायचे. म्हणून शंका आली की आम्ही "डाग आहे" हेच दाबायचो. इतर ठिकाणी काय पद्धत आहे माहीत नाही, आमच्याकडे अशी होती.

लोक अंधाऱ्या जिन्यात फोन दाखवायचे, काळा वॉलपेपर लावून ठेवायचे. त्याचा काही उपयोग नसतो, पांढरं पान उघडावंच लागतं.

वैदर्भी

माझं आयफोनचं. नागपुरात एका दुकानातून स्क्रीन बदलून घेतली होती, दिसायला नवीकोरी, एक ओरखडा नाही. पिकअपला आलेल्या माणसाने सेटिंगमध्ये General, मग About उघडलं. तिथे Parts and Service History खाली डिस्प्लेपुढे Unknown Part. भाव निम्म्याच्याही खाली. स्क्रीन कंपनीची आहे का, असा प्रश्न चेकआउटला कुठेच नव्हता. असता तर मी खरं सांगितलं असतं ना! मी ऑर्डर परत केली. पैसे आले परत, पण सेल संपला होता आणि तोच फोन महाग झाला होता. मला जास्त राग त्याचा आला.

चिंच_गूळ

आम्ही वॉशिंग मशीन एक्स्चेंजला दिलं तेव्हा त्यांनी झाकण उघडूनसुद्धा बघितलं नाही! दोघं आले, उचललं, गेले. मोबाईललाच एवढी तपासणी का? आमचं तर मोटर जळलेली होती. 😀

फोल्डरवाला, सांगली

चिंच_गूळ, मशीनचा भाव बहुतेक भंगाराच्या हिशेबाने धरलेला असतो. तिथे मोटर जळली काय आणि चालली काय. फोन पुन्हा फोन म्हणून विकायचा असतो.

नीलाक्षी

म्हणजे आईच्या फोनचं आधी घरीच तपासता येईल का? आणि वैदर्भी, तुझ्या जागी मी असते तर मीही परतच केली असती बहुतेक.

फोल्डरवाला, सांगली

येईल की. आईंचा फोन सॅमसंग असेल तर डायलरमध्ये हे टाका, बहुतेक मॉडेलवर चालतं:

```
*#0*#
```

शाओमी, रेडमी असेल तर:

```
*#*#6484#*#*
```

पडदा पूर्ण लाल, हिरवा, निळा करून दाखवणारी तपासणी उघडते. खोलीत अंधार करून ब्राइटनेस पूर्ण ठेवून बघा. शेड सगळ्यात चांगली दिसते ती करड्या आणि पांढऱ्या रंगावर, म्हणून एखादं कोरं करडं चित्रही पूर्ण पडद्यावर उघडा. मग टच. एखाद्या अ‍ॅपचा आयकॉन बोटाने दाबून धरा आणि कडेकडेने सावकाश अख्ख्या पडद्यावर फिरवा. मध्येच सुटला तर तिथे टच मेलाय. कुणाला तरी कॉल लावून फोन कानाला धरा, पडदा विझला पाहिजे. यातलं काही बिघडलं असेल तर चेकआउटचा आकडा विसरायचा आणि खालच्या भावाने गणित करायचं.

हिशेबी बंड्या

गणितावरूनच एक. सगळे ३,३०० वर अडकलेत. नीलाक्षीताईंना शेवटी पडले किती? २४,९९९ मधून ३,९०० आणि बोनसचे २,००० गेले की १९,०९९. म्हणजे जुन्या फोनचे प्रत्यक्षात ५,९०० मिळाले. बोनस फक्त एक्स्चेंज केलं तरच मिळतो. तोच फोन बाहेर विकला तर निदान ५,९०० यायला हवेत, तर बरोबरी. बाहेर विचारलं होतं का?

नीलाक्षी

कोपऱ्यावरच्या दुकानदाराने शेड बघून ४,५०० सांगितले होते. पण ते नंतर, उत्सुकता म्हणून विचारलं.

हिशेबी बंड्या

मग १,४०० चा फायदाच झाला. भाव पडला तरी बोनस शाबूत राहिला, म्हणून. वैदर्भींच्या केसमध्ये बोनस किती होता ते कळलं तर परत करणं बरोबर होतं की नाही ते सांगता येईल.

वैदर्भी

बोनस नव्हताच. 🙏

टोरांटोकर

इथे आम्ही फोन डब्यात घालून पोस्टाने पाठवतो, मग काही दिवसांनी ईमेल येतो की "तपासणीत अमुक आढळलं, नवा भाव तमुक." पटलं नाही तर फोन परत पाठवतात. डाग खरंच होता की नाही ते बघायला आपण तिथे नसतो. तुमच्याकडे निदान माणूस समोर उभा असतो आणि बोट ठेवून दाखवतो.

डोंबिवलीचे काका

समोर उभा राहतो तो "लवकर ठरवा, पुढची डिलिव्हरी आहे" म्हणत! आधी मोठा आकडा आणि दारात छोटा, ही फसवणूक नाही तर काय? २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या नियमावलीत आमिष एक दाखवून दुसरंच देण्याला बंदी आहे. १९१५ ला फोन करा.

पूर्वी पाठीवर बॅग

काका, नियम आहे हे खरं. पण आकड्यापुढे "पर्यंत" लिहिलेलं असतं आणि अटीत "पिकअपच्या वेळी तपासून" असंही असतं. ते या नियमात बसतं का, कुणी तक्रार करून निकाल लावून घेतलाय का? असेल तर लिहा.

वैदर्भी

मी १९१५ वर केली होती तक्रार. अ‍ॅपवाल्यांकडून उत्तर आलं, ऑर्डर परत घेऊन पूर्ण पैसे दिले आहेत, तक्रार बंद. स्क्रीनचा प्रश्न आधी का विचारला नाही, यावर एक ओळ नाही.

पावसाळी_बेडूक

माझा बोनस मात्र उडाला होता. जुना फोन दारात नाकारला, कारण पॉवर बटण रुतलेलं. तेव्हा एक्स्चेंजचे आणि बोनसचे, दोन्ही पैसे तिथल्या तिथे मागितले. खिशात तेवढे नव्हते. भाव कमी होणं आणि फोन नाकारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. यूपीआयची मर्यादा आणि खात्यातली शिल्लक बघून ठेवा. आणि सिम जुन्या फोनमधून आधीच काढू नका, डिलिव्हरीचा ओटीपी त्यावरच येतो. बॅकअप मात्र आदल्या दिवशी घ्या, नवा फोन हातात पडतो तेव्हा जुना घेऊन जायला माणूस थांबलेला असतो.

नीलाक्षी

आईच्या फोनला पण शेड निघाली. 😔 बाबांच्यापेक्षा कमी आहे, करड्यावरच दिसते. सांगलीकर, आधी तुमच्यासारख्या कुणाकडून फोल्डर बदलून घेतला आणि मग एक्स्चेंजला दिला तर?

फोल्डरवाला, सांगली

माझं दुकान चालेल, तुमचं नुकसान होईल. 😄 ओरिजिनल टाकलात तर जेवढे वाचणार तेवढेच मला द्याल. स्वस्तातला कॉपी टाकलात तर पडद्याखालचं फिंगरप्रिंट बहुतेक वेळा चालत नाही, आणि तपासणीत तोही प्रश्न असतो. आहे तसाच द्या. ऑर्डर करताना डाग आहे का असं विचारलं तर हो सांगा, म्हणजे चेकआउटलाच खालचा भाव दिसेल.